भाऊसाहेब, वही आणि साखरेची वाटी

प्रश्न: आम्ही चौघे मित्र नाशिकहून दर आठवड्याला तीन-चार मिनिटांचं एक स्किट टाकतो. 'भाऊसाहेब' नावाचे हिशोबी गृहस्थ हे आमचं कायमचं पात्र आणि 'हिशोब लिहून ठेवा!' हे त्यांचं पालुपद. पहिल्या तीन भागांना लोक हसले, मग ओसरलं. आता अकरावा भाग लिहितोय. भाऊसाहेब दर वेळी वेगळेच वाटतात आणि पालुपद टाकलं तरी कोणी हसत नाही. पात्र पक्कं कसं करायचं?

उत्तर: तुमचे भाग मी पाहिलेले नाहीत, म्हणजे हे अंदाजाने लिहितोय. पण सोळा-सतरा वर्षं स्किट्स लिहिण्यात गेली. आधी कॉलेजच्या एकांकिका, मग गणेशोत्सवातले कार्यक्रम, मग टीव्ही आणि आता मोबाइल. तुमची तक्रार यातल्या प्रत्येक ठिकाणी ऐकली आहे आणि दोनदा स्वतःही केली आहे.

माझी शंका 'हिशोबी' या शब्दावर आहे. हिशोबी हे वागणं झालं. माणूस हिशोब का ठेवतो, हे त्यातून कळत नाही. तुम्ही चौघे लिहीत असाल तर प्रत्येकाने ते 'का' आपापल्या मनाने धरलं असणार. एकाच्या डोक्यात कंजूष माणूस असेल, दुसऱ्याच्या डोक्यात कधीतरी जबर फसलेला, तिसऱ्याच्या डोक्यात ट्रेझरीतून निवृत्त झालेला शिस्तीचा कारकून. आता या तिघांपुढे कोणी चहा ठेवला असं समजा. कंजूष माणूस दुसऱ्याच्या पैशाचा आहे म्हणून दोन कप पिईल. फसलेला चहा देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसेल. कारकून विचारेल, हा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा? तिघेही शेवटी 'हिशोब लिहून ठेवा' म्हणतील, पण ती तीन वेगळी माणसं आहेत. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नाही. त्याला एवढंच जाणवतं की मागच्या आठवड्यातला माणूस हा नव्हे. मग ओळखीचं वाक्य ओळख नसलेल्या माणसाच्या तोंडून येतं आणि हसू येत नाही.

हे खरंच होतंय का, ते तपासायला एक सोपी रीत आहे. मागच्या तीन संहिता घ्या, त्यांतलं पालुपद खोडा, संवादांपुढची नावंही खोडा आणि मालिका न पाहिलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. भाऊसाहेबांची वाक्यं त्याला वेगळी काढता आली तर पात्र आहे आणि दोष दुसरीकडे कुठेतरी आहे. नाही काढता आली, तर तुमच्याकडे आजवर फक्त पालुपद होतं.

मी तुमच्या जागी असतो तर वरच्या तिन्ही कारणांपैकी एकही घेतलं नसतं. ती वाईट नाहीत, पण लवकर आटतात. कंजूष माणसाचे पाच-सहा प्रसंग होतात आणि मग तो नुसता खर्च टाळत राहतो. मी भाऊसाहेबांना मिंधेपणाची भीती दिली असती. कुणाचं काही घ्यायला लागलं की त्यांच्या जिवाची तगमग होते आणि ते फेडेपर्यंत झोप लागत नाही. असा माणूस कंजूष नसतो. उलट फेडताना तो चार पैसे जास्तच देतो, म्हणजे समोरचाच मिंधा होईल. वही ठेवायची ती यासाठी. आता पाहा, रिक्षावाल्याने सुटे नाहीत म्हणून तीन रुपये सोडले, डॉक्टरांनी फी घेतली नाही, बसमध्ये कुणी जागा दिली, व्याह्यांनी आहेर जास्त केला, की लगेच प्रसंग तयार. आपल्याकडे माणसं एकमेकांवर दिवसभर बारीकसारीक उपकार करत असतात, त्यामुळे भाऊसाहेबांना एक दिवस सुखाचा जाणार नाही. लेखकाला आणखी काय हवं?

एक भाग पूर्ण रचून दाखवतो, कारण लकब, पालुपद आणि प्रसंग एकमेकांत कसे अडकतात ते तिथेच कळेल.

घरी पाहुणे आलेत, साखर संपली आहे. भाऊसाहेबांची बायको, तिला माई म्हणू, शेजारच्या वहिनींकडून वाटीभर साखर आणते आणि चहा करते. भाऊसाहेब पहिला घोट घेतात, छान झालाय म्हणतात, आणि तेवढ्यात त्यांना कळतं की साखर शेजारची आहे. घोट तोंडातच राहतो. गिळला तर ऋण पक्कं होणार, पाहुण्यांसमोर थुंकताही येत नाही. शेवटी गिळतात, खिशातून वही काढतात आणि माईला विचारतात, "वाटी सपाट होती की शिगोशीग?" तिला आठवत नाही. इथे पालुपद येतं, शांतपणे, स्वतःशीच बोलल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी साखर परत करायची. पण रिकामी वाटी परत देत नाहीत हे आपल्या घराघरांत ठरलेलं, आणि सपाट की शीग हा घोळ आहेच. म्हणून शिगोशीग साखर आणि वर दोन पेढे जातात. इकडून भरून गेलेलं भांडं वहिनी तरी रिकामं कसं पाठवतील? वाटीत चिवडा येतो. भाऊसाहेब वाटी सोडून पातेल्यावर जातात, बासुंदी पाठवतात. पातेल्यातून पुरणपोळ्या येतात. भांडं दर खेपेला मोठं होत जातं आणि भाऊसाहेबांची झोप उडत जाते. चौथ्या दिवशी ते घरातले दिवे मालवून माईला तोंडावर बोट ठेवायला लावतात, कारण बाहेर वहिनींच्या बांगड्या वाजल्यात. पुन्हा वही उघडतात, "लिहून..." म्हणतात आणि शब्द अडकतो. माईच मुकाट्याने पेन्सिल हातात देते. शेवटी ते निर्धाराने शेजारी जातात, हे आजच्या आज मिटवायचं म्हणून. दार वहिनींचे यजमान उघडतात. त्यांच्या हातात तशीच एक वही. चष्म्यावरून बघत ते म्हणतात, "पेढे दोन होते की तीन? मीही लिहून ठेवतो."

या भागात पालुपद भाऊसाहेबांच्या तोंडी पूर्ण असं एकदाच आलं. दुसऱ्यांदा ते तुटलं आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या तोंडी गेलं. तीन-चार मिनिटांच्या स्किटला यापेक्षा जास्त पेलत नाही. पालुपदाला हसू येण्याची दोनच कारणं मला माहीत आहेत. ते येणार हे प्रेक्षकाला आधी कळलं आणि तसंच झालं, हे एक. कळलं होतं पण भलतंच झालं, हे दुसरं. दुसरं साधायचं तर पहिलं आधी पक्कं हवं. म्हणून नव्या पात्राच्या पहिल्या पाच-सहा भागांत पालुपदाचा शब्दही बदलायचा नाही, मोडतोड त्यानंतर. वाटीचा भाग म्हणूनच मालिकेच्या सुरुवातीला टाकू नका, भाऊसाहेबांची सवय झाल्यावर टाका.

मात्र ते कुठल्या प्रसंगी येतं याला एकच अट हवी. भाऊसाहेबांवर कुणी उपकार केला, तरच. एरवी नाही. भाजीवाल्याशी भांडताना नाही, मुलाला ओरडताना नाही, आणि स्किट संपवायला काही सुचत नाही म्हणून तर मुळीच नाही. तुमच्या दहा भागांत पालुपद शेवटच्या ओळीला किती वेळा आलंय ते मोजा. निम्म्याहून जास्त असेल तर ते पंच म्हणून वापरलं जातंय. पंच दर वेळी नवा लागतो आणि पालुपद दर वेळी तेच असतं, त्यामुळे त्याच्यावर भाग संपवला की भाग अर्धवट सुटल्यासारखा वाटतो.

आता शब्दांकडे. 'हिशोब लिहून ठेवा' हे मी बदललं असतं. 'ठेवा' ही समोरच्याला आज्ञा आहे. ती करणारा माणूस दरडावणारा वाटतो, पैसे येणे असलेला सावकार. 'लिहून ठेवतो हं मी' म्हणताच तोच माणूस अपराधी होतो, स्वतःच्या भीतीला धरून बसलेला. क्रियापदाच्या एका रूपात पात्राची बाजू बदलते. शिवाय 'हिशोब' हा शब्द काढला की कशाचा हिशोब, हे प्रसंगाने सांगायचं उरतं. चाल ठरवताना मराठीत क्रियापद शेवटी येतं याचा फायदा घ्यावा. वजन 'ठेवतो'वर आणि 'हं मी' उतरत गेलेलं, जवळपास पुटपुटलेलं. नटाला शब्दांइतकीच ही चाल पाठ हवी, कारण पुढे कधी तो नुसतं 'हं' म्हणाला तरी प्रेक्षक उरलेलं मनात म्हणतील. पालुपदानंतर अर्धा सेकंद कुणीच काही बोलायचं नाही, आणि एडिटिंगमध्ये तिथे ठरावीक 'टुंग' टाकायचा मोह आवरायचा. त्या आवाजाची सवय झाली की प्रेक्षक आवाजाला हसतो आणि नट सैल पडतो.

लकबींबद्दल थोडंच सांगतो. तीनपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक लकब पात्राच्या कामात आडवी यायला हवी. भाऊसाहेब वहीची पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधून ठेवतात, दोरा आखूड आहे, म्हणून लिहिताना वही नाकाशी धरावी लागते. लिहून होईस्तोवर ते कशालाही हात लावत नाहीत. चहा गार होतो, बस सुटते, फोन वाजून बंद होतो. नुसतं नाक खाजवणं किंवा खांदा उडवणं या लकबीने काहीच घडत नाही, आणि तिसऱ्या भागापासून ती नटालाच जड होते. मोबाइलच्या उभ्या चौकटीत बहुतेक शॉट छातीपासून वर असतात, तेव्हा चालण्याची ढब किंवा पायाची लकब वाया जाते. रंगमंचावर असता तर मी उलट सांगितलं असतं. तिथे शेवटच्या रांगेला चेहरा दिसत नाही, पण चाल दिसते.

माझी एक चूक सांगतो. टीव्हीच्या एका कार्यक्रमात आम्ही एक काकू केल्या होत्या. कोणीही काहीही सांगितलं की त्या म्हणायच्या, "हे मला आधीच माहीत होतं." चौथ्या-पाचव्या भागाला समोर बसलेले प्रेक्षकच काकूंच्या बरोबरीने ते म्हणायला लागले. आम्ही खूश. मग नटीने वाक्याच्या आधी थांबायला सुरुवात केली, प्रेक्षकांकडे बघून, 'म्हणा आता' अशा नजरेने. तिथे बेअरिंग सुटलं. काकूंना कुणाची टाळी नको होती, त्यांना फक्त अडाणी दिसायचं नव्हतं. पण नटी टाळीसाठी थांबत होती, आणि मीही तिला थांबायला जागा करून देत होतो. नवव्या भागाची संहिता वाचताना लक्षात आलं की प्रसंग उरलेलाच नाही, त्या वाक्यापर्यंत पोचायचा रस्ता तेवढा लिहिलाय. उपाय म्हणून आम्ही तीन भाग ते वाक्य पूर्ण काढलं. पहिल्या भागाला आमचीच घाबरगुंडी उडाली. पण वाक्य नाही म्हटल्यावर काकूंना दर वेळी खरोखर काहीतरी माहीत असल्याचं सोंग आणावं लागलं, आणि पात्र परत उभं राहिलं. तुम्हीही पुढचे दोन भाग पालुपदाशिवाय लिहून पाहा. भाऊसाहेब तरीही भाऊसाहेब वाटले, तर ते परत आणा.

'वेगळेच वाटतात' यामागे भाषा हेही एक कारण असू शकतं. चार लेखक म्हणजे चार घरच्या बोल्या. एक 'मी आलो होतो' लिहितो, दुसरा 'मी आलतो', आणि कुणी नागपूरकडचा असला तर 'काय करून राहिले' येणारच. कुठली बोली घ्यायची हे परिस्थितीवर आहे. माझं मत, नटाच्या घरात बोलतात ती घ्या, कारण चिडल्यावर किंवा घाईत त्याच्या तोंडून तीच निघणार. ती ठरली की भाऊसाहेबांचे आठ-दहा शब्द लिहून काढा. ते बायकोला 'अहो' म्हणतात की 'अगं', मुलाला 'बाळा' की 'चिरंजीव', वैतागले की काय पुटपुटतात. आणि तिघांनी लिहिलं तरी शेवटचा हात एकाचाच फिरू द्या. आमच्याकडे हे काम करणाऱ्याला आम्ही पात्राचा पालक म्हणायचो. 'भाऊसाहेब असं म्हणणार नाहीत' एवढं म्हणायचा हक्क त्याला, आणि त्यावर वाद नाही.

त्या पालकाकडे एक पान हवं, त्याहून जास्त नको. त्यात भीती, पालुपदाची अट, लकबी, शब्द आणि आतापर्यंत कळलेल्या गोष्टी असाव्यात, म्हणजे कितवा मजला, मुलगा काय करतो, कोणाचं किती देणं आहे. पण माझ्या अनुभवात त्या पानावरचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे 'हे ते कधीच करणार नाहीत' ही यादी. भाऊसाहेब कधी खोटं लिहिणार नाहीत. कुणाच्या तोंडावर पैसे मागणार नाहीत. दुसऱ्याची वही चोरून बघणार नाहीत. पंधराव्या भागाला कुणाला तरी झकास विनोद सुचेल आणि त्यासाठी भाऊसाहेबांनी वही चोरून बघायला हवी असेल. तो विनोद दुसऱ्या पात्राला द्या. कपड्यांचंही त्याच पानावर लिहा, आणि सदरा एकसारखे दोन घ्या. एका दिवसात तीन भाग शूट केले की दुपारनंतर घामाचे डाग कंटिन्युइटीत दिसतात, हे आम्ही पैसे घालवून शिकलो.

सगळं असं ठरवून टाकलं की कंटाळा येणार नाही का, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल. तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारे कृष्ण आणि पेंद्या, आणि गवळणींच्या बाजूने भांडणारी मावशी, जिचं काम पुरुष करतो. वाट अडणार, मावशी हुज्जत घालणार, हे गावातल्या पोराटोरांना माहीत असतं. तरी माणसं बसतात, कारण हुज्जतीतला मजकूर त्या गावचा आणि त्या दिवसाचा असतो. कालच्या बाजारातला भाव, पुढे बसलेल्या पाटलाची नवी गाडी. मावशी तीच राहते, तिच्यापुढे येणारं बदलतं. तुमच्याकडेही नवेपणा भाऊसाहेबांत शोधू नका, त्यांच्यावर उपकार करणाऱ्या माणसांत शोधा. एकदा निरागस लहान मूल, एकदा उपकार मोजून दाखवणारा मेहुणा, एकदा काहीच परत घ्यायला तयार नसलेला सरदारजी ट्रक ड्रायव्हर. आणि माईला मात्र सरळ ठेवा. तिला वहीचं काही वाटत नाही, ती दहा घरची साखर आणेल आणि विसरून जाईल. दोघंही विक्षिप्त झाली तर भाऊसाहेबांचं वेड कशाशी ताडून बघायचं?

एक गोष्ट तुमच्या प्रेक्षकांवर अवलंबून आहे. तुमचे भाग बघणारे बरेचसे दर आठवड्याला तेच असतील, तर वाटीसारखा भाग चालेल, कारण वही बाहेर येताच त्यांना पुढचं कळतं. पण दर व्हिडिओला निम्मे प्रेक्षक नवे असतील, तर पहिल्या दहा सेकंदांत भीती दिसायला हवी. म्हणजे चहाच्या आधी एक छोटा प्रसंग. जिन्यात कुणीतरी भाऊसाहेबांची पिशवी उचलायला हात पुढे करतं आणि ते पिशवी छातीशी धरून दोन मजले धावत सुटतात. एक शब्दही लागत नाही, आणि जुन्या प्रेक्षकाला तोही गंमतीचाच वाटतो. अर्ध्या मिनिटाचे रील करणार असाल तर पालुपद आणि लकब यांपैकी एकच ठेवा. दोन्ही मावत नाहीत.

आधीच्या दहा भागांचं काय, असं वाटत असेल तर त्यांना हात लावू नका, खुलासाही करू नका. 'ठेवा'चं 'ठेवतो' झालं हे दोन-तीन जण कॉमेंटमध्ये विचारतील, तेवढंच. वही मात्र पहिल्या भागातलीच वापरा. कव्हर फाटलं तर नवी आणू नका, चिकटपट्टी लावा. मागची देणी तिच्यातच आहेत, भाऊसाहेब ती टाकणार नाहीत.